वेतनचिठ्ठीतील दोन ओळी

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वऱ्हाडातील कित्येक घरांत वेतनचिठ्ठी येते, तिच्यावरील शेवटचा आकडा पाहिला जातो आणि ती घडी करून कपाटात ठेवली जाते. कपातीच्या रकान्यातील ओळींकडे फारसे कुणी पाहत नाही. पाहिलेच तर बहुतेकांची समजूत अशी असते की, व्यवसाय कर आणि भविष्य निर्वाह निधी या दोन्ही ओळी मूळ वेतनाच्या टक्केवारीतून निघतात. एक सरकारकडे जाते, दुसरी आपल्या नावावर जमते. या समजुतीतील अर्धा भाग खरा आहे. उरलेल्या अर्ध्या भागामुळे कधी घरात गैरसमज होतात, तर कधी नोकरदाराचे दरमहा नुकसान होत राहते आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

विषय नीट उमजावा म्हणून उदाहरणादाखल एका घरातील दोन वेतनचिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून पाहता येतील. घर अकोल्याचे. धाकटा मुलगा अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका दालमिलच्या कचेरीत हिशेबनीस. थोरली मुलगी अमरावतीच्या एका खासगी विनाअनुदानित शाळेत शिक्षिका. योगायोगाने दोघांचाही एकूण पगार दरमहा २४,००० रुपये. परंतु भावाच्या हातात २२,७२० रुपये पडतात आणि बहिणीच्या हातात २२,२०० रुपये. दिवाळीच्या सुटीत दोन्ही चिठ्ठ्या एकाच मेजावर आल्या, तेव्हा वडिलांना वाटले की शाळा मुलीच्या पगारावर जास्त कात्री चालवते. मुलाची तक्रार उलटीच होती. "माह्या पगारातून दरमहा दोनशे जातात, ताईच्या चिठ्ठीत ती ओळच नाही. सरकार एकच, मग हे कसं?"

दोघांच्याही म्हणण्याला आधार होता. फक्त दोघे वेगवेगळ्या ओळींविषयी बोलत होते.

आधी दोनशे रुपयांची ओळ. महाराष्ट्रातील व्यवसाय कर १९७५ च्या राज्य कायद्याने आला. १९७२-७३ च्या भीषण दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमी योजनेला महाराष्ट्रात व्यापक रूप मिळाले. ग्रामीण मजुराने काम मागितले तर ते देण्याची जबाबदारी राज्याने पत्करली, आणि त्यासाठी कायमचा पैसा उभा करणे क्रमप्राप्त झाले. ज्या करांतून हा पैसा उभा राहिला, त्यांपैकी व्यवसाय कर हा एक प्रमुख. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती योजना साकारली, हे जुन्या पिढीच्या स्मरणात असेल. शहरातील नियमित पगार घेणाऱ्याने खेड्यातील बेरोजगारासाठी थोडा भार उचलावा, असा त्यामागचा विचार होता. कपाशीचा हंगाम संपला की हाताला काम नसलेला शेतमजूर ज्या वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या दिसत आला, तेथे हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही.

या कराला राज्यघटनेने एक कुंपण घातले आहे. अनुच्छेद २७६ नुसार कोणत्याही एका व्यक्तीकडून व्यवसाय कर वर्षाला ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक घेता येत नाही. आरंभी ही मर्यादा २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली आणि आजही तेवढीच आहे. मधल्या काळात पगार कितीतरी पटींनी वाढले, पण ही रक्कम जागची हलली नाही. त्यामुळे अकोल्यातील हिशेबनीस आणि मुंबईतील मोठ्या कंपनीचा सर्वोच्च अधिकारी, दोघेही वर्षाला सारखाच व्यवसाय कर भरतात.

हा कर टक्केवारीने निघत नाही. तो पायऱ्यांनी चढतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या दरांनुसार पुरुष कर्मचाऱ्याचा मासिक पगार ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर कर नाही. त्याहून अधिक, परंतु १०,००० पर्यंत असेल तर महिन्याला १७५ रुपये. १०,००० च्या वर गेला की महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारी महिन्यात ३०० रुपये. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून बरोबर २,५०० होतात. घटनेचे कुंपण जेथे आहे, तेथेच हा हिशेब जाऊन थांबतो. फेब्रुवारीच्या चिठ्ठीत शंभर रुपये जास्त का कापले, हा प्रश्न दरवर्षी नव्याने विचारला जातो. त्याचे उत्तर एवढेच आहे. जानेवारीत नोकरी सोडणाऱ्याला ते शंभर रुपये त्या नोकरीत द्यावे लागत नाहीत. १७५ च्या पायरीवर असणाऱ्याला फेब्रुवारीतही १७५ च लागतात.

स्त्रियांसाठी पायरी एकच आहे. मासिक पगार २५,००० रुपयांपर्यंत असेल तर व्यवसाय कर शून्य. त्यावर गेला की पुरुषांप्रमाणेच २०० आणि फेब्रुवारीत ३००. २०२३ पूर्वी ही मर्यादा १०,००० होती. बहिणीच्या चिठ्ठीत ती ओळ का नाही, याचा उलगडा येथे होतो. शाळेने तिच्यावर मेहेरबानी केलेली नाही आणि दालमिलने भावावर अन्यायही केलेला नाही.

आता मूळ वेतनाचा प्रश्न. भावाचे मूळ वेतन आहे ९,००० रुपये. व्यवसाय कर मूळ वेतनावरून काढायचा असता तर तो १७५ च्या पायरीवर बसला असता. परंतु कायद्यातील पगार या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. मूळ वेतन, महागाई भत्ता आणि नियमितपणे मिळणारा इतर सर्व मोबदला त्यात धरला जातो; म्हणजे घरभाडे भत्ता, वाहन भत्ता, विशेष भत्ता, सगळेच आले. बोनस आणि उपदान, म्हणजे ज्याला सर्वजण ग्रॅच्युइटी म्हणतात ते, तेवढे वगळलेले आहे. त्यामुळे भावाची पायरी ठरते ती २४,००० या एकूण आकड्यावरून. मूळ वेतनाचा व्यवसाय कराशी संबंध एवढाच, की तेही त्या बेरजेतील एक घटक असते.

लहान पेढ्यांत, जेथे पगारपत्रक दिवाणजी हातानेच करतात, तेथे नेमकी हीच चूक आढळते: निर्वाह निधीसाठी मूळ वेतनाचा रकाना धरलेला असतो, त्याच रकान्यावरून व्यवसाय करही काढला जातो. कर्मचाऱ्याचे पंचवीस रुपये वाचल्याचा भास होतो. परंतु कायद्यानुसार कर कापला असो वा नसो, तो भरण्याची जबाबदारी मालकाची आहे. तपासणीत फरक निघाला तर तो व्याजासह मालकाच्या माथी येतो. ज्या घरांत पगार घेणारे आणि पगार देणारे एकाच छपराखाली राहतात, तेथे ही गोष्ट दोन्ही बाजूंनी ठाऊक असलेली बरी. मालकाची नोंदणीही दोन प्रकारची असते: नोकरांचा कर कापून भरण्यासाठी एक नोंदणी आणि स्वतःच्या व्यवसायाच्या करासाठी वेगळी नावनोंदणी. पहिली केली म्हणजे दुसरी आपोआप होते, असे नाही.

उलट दिशेची चूक स्त्री कर्मचाऱ्यांच्या बाबतीत होते. संगणकीय पगारपत्रकात नाव भरताना स्त्री-पुरुष हा रकाना चुकला, तर २५,००० च्या आत पगार असूनही दोनशे रुपये जात राहतात. चिठ्ठीवर ही चूक ओळखणे सोपे आहे: एकूण पगार २५,००० किंवा कमी, कर्मचारी स्त्री आणि तरीही व्यवसाय कराची ओळ असेल, तर लेखा विभागाला लगेच लेखी कळवावे. वयाची ६५ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीलाही हा कर लागत नाही. निवृत्तीनंतर एखाद्या पेढीत हिशेब पाहणाऱ्या ज्येष्ठांच्या मानधनातून तो कापला जात असेल तर तेही पाहावे.

पायऱ्यांच्या करात एक गंमत अटळ असते. बहिणीचा पगार समजा २४,९५० वरून २५,०५० झाला, म्हणजे शंभर रुपयांची वाढ मिळाली, तर दोनशे रुपयांचा कर नव्याने सुरू होऊन हातातील रक्कम शंभराने घटते. वेतनवाढ मिळाली आणि पगार कमी झाला, असे कुणी म्हटले तर ते हसण्यावारी नेऊ नये. प्रत्यक्षात शाळेने तिला १,५०० रुपयांची वाढ देऊ केली आहे. म्हणजे पगार २५,५०० होईल, दोनशे कापले जातील आणि तरीही निव्वळ १,३०० रुपये वाढतील.

दोनशे रुपयांची ओळ येथे संपते. आयकराच्या जुन्या पद्धतीने विवरण भरणाऱ्यास भरलेल्या व्यवसाय कराची वजावट मिळते, नव्या पद्धतीत मिळत नाही, एवढे त्यात जोडले म्हणजे झाले. खरी रक्कम दुसऱ्या ओळीत आहे.

कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. वीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना तो लागू होतो. सरकारी कर्मचारी आणि अनुदानित शाळांचे शिक्षक यांची व्यवस्था निराळी असते. त्यांच्या चिठ्ठीतील ओळी वाचताना पुढील हिशेब लावू नये. दालमिल, जिनिंग-प्रेसिंग, खासगी रुग्णालय, विनाअनुदानित शाळा, बडनेऱ्यापासून नांदगाव पेठेपर्यंतचे कारखाने यांतील नोकरदारांची ओळ मात्र याच कायद्याची. पश्चिम विदर्भातील अशा खात्यांचे काम पाहणारे विभागीय कार्यालय अकोल्यात आहे. तेथील सदस्य क्रमांकाची सुरुवात `NGAKL` या अक्षरांनी होते.

येथे मात्र हिशेब टक्केवारीचाच आहे. मूळ वेतन, महागाई भत्ता आणि काही उद्योगांत मिळणारा धारणा भत्ता यांच्या बेरजेच्या १२ टक्के रक्कम कर्मचाऱ्याच्या पगारातून जाते आणि तेवढीच मालकाने घालायची असते. घरभाडे भत्ता, जादा कामाचा मोबदला, बोनस आणि दलाली कायद्याने वगळलेली आहे. या हिशेबाला एक छत आहे. १९५२ मध्ये ते ३०० रुपये होते, २००१ मध्ये ६,५०० झाले आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे. मालकाने १५,००० पर्यंतच्या वेतनावर वर्गणी भरली, म्हणजे १,८०० रुपये भरले, की त्याचे कायदेशीर कर्तव्य पूर्ण होते. प्रत्यक्ष वेतन अधिक असेल आणि दोन्ही बाजूंची तयारी असेल तर अधिक वेतनावरही वर्गणी भरता येते; पुष्कळ कंपन्या तसे करतातही.

आता दोन्ही चिठ्ठ्या उघडू या. बहिणीच्या चिठ्ठीत मूळ वेतन १२,५००, महागाई भत्ता २,५००, घरभाडे भत्ता ५,००० आणि वाहन भत्ता ४,००० आहे. निर्वाह निधीसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० होतात. त्याचे १२ टक्के १,८००. चोवीस हजारांतून १,८०० वजा जाता २२,२०० उरतात.

भावाच्या चिठ्ठीत मूळ वेतन ९,०००, घरभाडे भत्ता ३,६००, वाहन भत्ता १,६०० आणि विशेष भत्ता ९,८०० आहे. महागाई भत्त्याची ओळच नाही. निर्वाह निधी फक्त ९,००० वर काढला आहे, म्हणून १,०८०. त्यात व्यवसाय कराचे २०० मिळवून एकूण कपात १,२८० आणि हातात २२,७२०. वडिलांना मुलीचा पगार जास्त कापलेला दिसला तो या ७२० रुपयांच्या फरकामुळे. कराचे दोनशे वगळले तर ५२० रुपयांनी तिच्या हाती कमी येत होते.

परंतु कापलेले पैसे कोठे जातात, हे पाहिल्याशिवाय कोणाचे नुकसान होत आहे ते ठरवता येत नाही. बहिणीचे १,८०० रुपये पूर्णपणे तिच्या निर्वाह निधीच्या खात्यात जातात. शाळाही १,८०० घालते, पण ते सगळे त्या खात्यात जात नाहीत. मालकाच्या बारा टक्क्यांतील ८.३३ टक्के रक्कम निवृत्तिवेतन योजनेकडे वळते, म्हणजे १,२५० रुपये, आणि उरलेले ५५० निर्वाह निधीत येतात. म्हणजे बहिणीच्या खात्यात दरमहा २,३५० जमतात, शिवाय निवृत्तिवेतनापोटी १,२५०.

भावाच्या बाबतीत त्याचे स्वतःचे १,०८०. दालमिलचेही १,०८०; त्यातील ७५० निवृत्तिवेतनाकडे आणि ३३० निर्वाह निधीकडे. खात्यात एकूण १,४१०. भाऊ-बहिणीच्या खात्यांतील हा मासिक फरक ९४० रुपयांचा आहे, वर्षाचा ११,२८०, आणि तोही व्याज न धरता. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी व्याजाचा दर ८.२५ टक्के होता.

येथे पासबुकाविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती पुष्कळांना बुचकळ्यात टाकते. मालकाने बारा टक्के भरले असताना पासबुकात त्याचा हिस्सा आपल्या हिश्शाच्या तिसऱ्या भागाहूनही कमी का दिसतो, असे विचारत लोक कचेरीत येतात. पैसे कोणी खाल्लेले नसतात. निवृत्तिवेतनाचा रकाना पासबुकात वेगळा असतो आणि तो बेरजेत येत नाही. त्या रकान्यावर व्याजही जमा होत नाही, कारण त्या पैशाचा मोबदला पुढे दरमहा निवृत्तिवेतनाच्या रूपाने मिळायचा असतो. सप्टेंबर २०१४ नंतर प्रथमच नोकरीस लागलेल्या आणि आरंभीच वेतन १५,००० हून अधिक असलेल्या सदस्याच्या पासबुकात मात्र हा रकाना रिकामा असणे बरोबर आहे. त्याचे मालकाकडील सगळे बारा टक्के निर्वाह निधीतच गेले पाहिजेत. भाऊ कमी पगारावर लागला आणि तेव्हाच सदस्य झाला, म्हणून तो निवृत्तिवेतन योजनेत आहे आणि पगार वाढला तरी राहील.

त्या योजनेचा हिशेब साधा आहे: अखेरच्या साठ महिन्यांच्या सरासरी वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. वीस वर्षांहून अधिक सेवा झाली तर दोन वर्षे वाढवून मिळतात. आजचेच आकडे कायम धरले आणि भावाची २८ वर्षे सेवा झाली, तर वाढीव दोन वर्षांसह ३० धरून ९,००० च्या वेतनावर त्याला दरमहा सुमारे ३,८५७ रुपये मिळतील. वेतन १५,००० धरले असते तर सुमारे ६,४२९. आज ७२० रुपये हातात जास्त पडतात, त्याचे दुसरे टोक हे आहे.

प्रश्न असा, की ९,८०० रुपयांचा विशेष भत्ता निर्वाह निधीतून बाहेर ठेवणे दालमिलला मोकळे होते काय? कायद्यातील वगळलेल्या यादीत "यांसारखा इतर भत्ता" असे शब्द आहेत आणि वर्षानुवर्षे त्या शब्दांच्या आडोशाने मूळ वेतन लहान आणि भत्ते मोठे अशी पगाराची बांधणी होत आली. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात हा आडोसा बऱ्याच अंशी काढून टाकला. पश्चिम बंगालमधील त्या शाळेच्या प्रकरणासोबत इतर काही आस्थापनांची प्रकरणेही एकत्र ऐकली गेली होती. न्यायालयाने जुन्याच निकालांतील कसोटी पुन्हा लावली. जो भत्ता सर्व कर्मचाऱ्यांना सरसकट आणि नेहमी मिळतो, तो नाव काहीही असले तरी मूळ वेतनाचाच भाग. एखाद्याला जादा उत्पादनासाठी, विशेष कौशल्यासाठी किंवा नेहमीपेक्षा अधिक कामासाठी मिळणारा आणि कामानुसार बदलणारा भत्ता मात्र वेगळा राहू शकतो. पण तसे आहे हे मालकाने दाखवायला हवे.

भावाच्या चिठ्ठीला ही कसोटी लावायची तर मागच्या बारा चिठ्ठ्या पुरेत. विशेष भत्ता बाराही महिने ९,८०० च आहे काय? सोबतच्या इतरांच्या चिठ्ठीतही तो आहे काय? हजर दिवसांच्या प्रमाणाखेरीज तो कशानेही बदलत नाही काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर तो भत्ता केवळ नावाने विशेष आहे. भावाच्या कचेरीत तसेच निघाले. मग निर्वाह निधीसाठीचे वेतन ९,००० आणि ९,८०० मिळून १८,८०० होते. छत १५,००० चे असल्याने वर्गणी १,८००. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांमधील वेतनाची व्याख्याही याच दिशेने जाते: घरभाडे, वाहन यांसारखे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर जादा भाग वेतनातच धरायचा. भावाच्या चिठ्ठीतील घरभाडे व वाहन भत्ता मिळून ५,२०० च आहेत, निम्म्याच्या बरेच खाली. आणि विशेष भत्ता त्या वगळलेल्या यादीत नाहीच.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. मूळ वेतन लहान ठेवणे नेहमी कपटानेच होते असे नाही. पुष्कळ कामगार स्वतःच म्हणतात, "शेटजी, पीएफ कमी कापा, हातात द्या." मुलाच्या शिक्षणाची फी आज भरायची असते आणि अठ्ठावन्नावे वर्ष दूर असते. परंतु दोघांनी मिळून कायद्याबाहेरचा करार केला म्हणून तो कायदेशीर होत नाही. चौकशी निघाली तर मागच्या काळातील थकबाकी, तीवर व्याज आणि नुकसानभरपाई मालकालाच भरावी लागते. आणि मागील काळचा कर्मचाऱ्याचा हिस्सा त्याच्या आजच्या पगारातून सहज वसूल करता येत नाही.

याहून गंभीर प्रकार वेगळाच आहे: चिठ्ठीवर १,०८० कापलेले दिसतात, पण खात्यात येत नाहीत. हे चिठ्ठीवरून कधीच कळत नाही. ते पासबुकातच दिसते. महिन्याची वर्गणी पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. म्हणून जूनच्या पगाराची नोंद जुलैअखेरपर्यंत पासबुकात न दिसल्यास विचारणा करावी. सदस्याचा यूएएन बारा अंकी असतो. त्यावरून संकेतस्थळावर किंवा उमंग अॅपमध्ये पासबुक उघडते, आणि मोबाइल क्रमांक जोडलेला असेल तर ९९६६०४४४२५ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला की शेवटची वर्गणी आणि शिल्लक संदेशाने कळते. पासबुकात केवळ बेरीज पाहू नये. वर्गणी कोणत्या वेतनावर काढली, तो आकडा प्रत्येक ओळीत छापलेला असतो. तो चिठ्ठीतील मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या बेरजेशी जुळला पाहिजे. कापून न भरणे हा फौजदारी स्वरूपाचा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार ऑनलाइन करता येते, तसेच अकोल्याच्या कार्यालयातही.

आणखी एक ओळ काही चिठ्ठ्यांत दिसते: मालकाचा निर्वाह निधीचा हिस्सा. नेमणुकीच्या वेळी वार्षिक एकूण खर्चाचा आकडा सांगून त्यात हा हिस्सा धरण्याची पद्धत आता रूढ आहे. बोलणी करतानाच तो त्यात धरला असेल तर तो ठरलेल्या आकड्याचा भाग. पण ठरलेला पगार कायम असताना त्यातून मालकाचा हिस्सा कापून घेणे योजनेला मान्य नाही. कपातीच्या रकान्यात बारा टक्क्यांच्या दोन ओळी दिसल्या तर नेमणूकपत्र काढून पाहावे.

दिवाळीनंतर भावाने बारा चिठ्ठ्या आणि पासबुकाची प्रत घेऊन मालकाची गाठ घेतली. तक्रार म्हणून नव्हे, हिशेबनीसाने हिशेब दाखवावा तसा त्याने कागद पुढे ठेवला. वेतन ९,००० ऐवजी १५,००० धरले तर मालकाचे बारा टक्के ७२० ने वाढतात; विमा योजनेचा अर्धा टक्का आणि प्रशासकीय खर्चाचा अर्धा टक्का मिळून आणखी ६० रुपये. म्हणजे एका माणसामागे दरमहा ७८० रुपये. कचेरीत आणि मिलमध्ये मिळून तेवीस माणसे; सर्वांना सारखेच लावावे लागणार, हे मालकाने तेथेच ओळखले. त्यांनी कर सल्लागाराला फोन केला, दोन दिवस मागून घेतले आणि पुढच्या आर्थिक वर्षापासून विशेष भत्ता मूळ वेतनात मिळवण्याचे मान्य केले. मागील वर्षांचे काय, हा प्रश्न त्या भेटीत निघाला नाही. तो सल्लागाराच्या फाइलमध्ये पडून आहे.

एप्रिलच्या पगाराची चिठ्ठी घरी आली तेव्हा वडिलांनी ती स्वतः वाचली. २४,००० पैकी निर्वाह निधी १,८००, व्यवसाय कर २००, निव्वळ २२,०००. मुलीची नवी वेतनवाढ जूनपासून असल्याने तिची चिठ्ठी अजून जुनीच होती: २२,२००. वडिलांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, वजाबाकी केली आणि उरलेल्या दोनशेंवर पेन्सिलीने गोल काढला.